लशीची तारीख, पाळीची तारीख

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. सोबत पाठवलेला सोनोग्राफीचा अहवाल मी दोनदा वाचला आणि कॅलेंडर समोर घेऊन दिवस मोजले. तुझ्या घरात गेले चार दिवस जे चालले आहे, ते वाचून मला आधी वाईट वाटले आणि नंतर राग आला. गणपतीला गावी येशील तेव्हा यावर बोलू, असे तू लिहिले आहेस. परंतु ‘लशीनंतर लवकर दिवस गेले, तर पिशवी साफ करून घ्यावी का’ हा प्रश्न गणपतीपर्यंत घरात फिरत ठेवण्याचा नाही, म्हणून आजच लिहिते.

तू दिलेल्या तारखा अशा आहेत. रक्ततपासणीत रुबेलाविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही असे निघाले, म्हणून 3 जूनला तू एमएमआरची, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची, लस घेतलीस आणि त्याच दिवशी कांजिण्यांच्या लशीचा पहिला डोसही घेतलास. शेवटची पाळी 28 जूनला आली. 14 ऑगस्टच्या सोनोग्राफीत गर्भ 6 आठवडे 5 दिवसांचा दिसला. लस घेताना डॉक्टरांनी एक महिना, म्हणजे 28 दिवस, थांबायला सांगितले होते. घरच्यांनी 3 जून ते 28 जून मोजले, 25 दिवस भरले आणि सगळ्यांचा धीर सुटला.

मोजणी बरोबर आहे, पण ती चुकीच्या दिवसापर्यंत केलेली आहे. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजण्याची रीत आहे, कारण तो दिवस बाईला ठाऊक असतो आणि बीज फळल्याचा दिवस कोणालाच ठाऊक नसतो. त्यामुळे कागदावरच्या 6 आठवडे 5 दिवसांतले पहिले दोन आठवडे गर्भ अस्तित्वातच नव्हता. 28 जूनला तुला पाळी आली होती, म्हणजे त्या दिवशी पोटात काही नव्हते. नियमित पाळीत बीज साधारण चौदाव्या दिवशी सुटते. तुझ्या बाबतीत तो दिवस 12 जुलैच्या आसपास येतो आणि 3 जूनपासून 12 जुलैपर्यंत 39 दिवस होतात. थांबायचे असते ते गर्भ राहीपर्यंत, पाळी येईपर्यंत नव्हे.

तू शहाणी आहेस, म्हणून ‘साधारण’ या शब्दावर अडशील हे मला माहीत आहे. बीज लवकर सुटले असेल तर काय, असे विचारशील. 3 जूननंतर 28 दिवस 1 जुलैला पुरे होतात. गर्भ त्याआधी राहायचा, तर पाळी सुरू झाल्यापासून तीन दिवसांच्या आत बीज सुटायला हवे होते. तसे झाले असते, तर 14 ऑगस्टच्या सोनोग्राफीत गर्भ सव्वाआठ आठवड्यांच्या आकाराचा दिसला असता. तो 6 आठवडे 5 दिवसांचा दिसला, म्हणजे तो पाळीच्या तारखेशी जुळतो. इतक्या लहान गर्भाच्या मापात काही दिवसांची चूक होऊ शकते, दीड आठवड्याची सहसा होत नाही. तेव्हा तुझे 28 दिवस भरलेले आहेत. सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखव.

आता तुझा दुसरा प्रश्न. शेजारच्या बाईंनी सहा महिने सांगितले, मैत्रिणीने तीन आणि डॉक्टरांनी एक. मग खरे कोणते? या दोन्ही लशींत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो शरीरात काही काळ वाढतो, त्यातून प्रतिकारशक्ती तयार होते आणि मग शरीर त्याला संपवते. हे होईपर्यंत गर्भ नसलेला बरा, एवढाच थांबण्यामागचा विचार आहे आणि त्यासाठी चार आठवडे पुरतात. तीन महिन्यांचा सल्ला पूर्वी खरोखरच दिला जात असे. अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने रुबेलाच्या लशीसाठीचा हा काळ 2001 मध्ये 28 दिवसांवर आणला. कांजिण्यांसाठीही ती समिती प्रत्येक डोसनंतर एक महिनाच सांगते, मात्र काही लशींच्या माहितीपत्रकात तीन महिने छापलेले असतात आणि तुझ्या मैत्रिणीने बहुधा तेच वाचले असावे. सहा महिने कोठून आले ते मला ठाऊक नाही. जास्त थांबले म्हणजे जास्त सुरक्षित, असा आपल्याकडे एक समज आहे. त्या समजाने कितीतरी मुलींचे महिने फुकट गेलेले मी पाहिले आहेत.

आणि 28 दिवस खरोखरच भरले नसते, तरी माझे उत्तर बदलले नसते. हे मी तुला ठासून सांगते, कारण आज ना उद्या तुझ्या एखाद्या मैत्रिणीला याचा उपयोग होईल. अमेरिकेत 1971 ते 1989 या काळात अशा बायकांची नोंद ठेवली गेली, ज्यांना गर्भ राहण्याच्या आधी किंवा नंतर तीन महिन्यांच्या आत रुबेलाची लस टोचली गेली होती. त्यांतल्या 321 जणींना आधी रुबेलाविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती, म्हणजे धोका असलाच तर त्यांनाच होता. त्यांच्या बाळांपैकी एकातही रुबेलामुळे होणारे जन्मजात दोष आढळले नाहीत. लशीचा विषाणू क्वचित वारेतून बाळापर्यंत पोहोचतो, त्याचा मागमूस काही बाळांच्या रक्तात मिळाला, पण बाळे धडधाकट होती. कांजिण्यांच्या लशीचीही अशी नोंद 1995 पासून पुढे बरीच वर्षे ठेवली गेली आणि तिच्यातही त्या आजाराचे जन्मजात व्यंग एकाही बाळात दिसले नाही. 28 दिवस ही खबरदारी आहे. ती मोडली म्हणून गर्भ पाडावा, असे कोणतेही वैद्यकीय मार्गदर्शन सांगत नाही. भीती खऱ्या रुबेलाची बाळगावी. पहिल्या तीन महिन्यांत तो आजार झाला, तर बहुतेक बाळांना त्याचा फटका बसतो आणि मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयातले दोष अशी त्याची रूपे असतात. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी 1941 मध्ये हा संबंध प्रथम दाखवून दिला. तू त्याच आजारापासून बाळाला वाचवण्यासाठी लस घेतलीस आणि आता लशीच्याच नावाने ते बाळ काढायला निघाली आहेस.

रागावू नकोस. मी इतके कडक का लिहिते, तेही सांगते. आमच्या खाडीकाठची एक मुलगी लग्न होऊन मुंबईला गेली होती. तिला लस घेऊन दोन-अडीच महिने झाले असतील, तेव्हा तिला दिवस गेले. तिथे कोणीतरी तिची ‘टॉर्च’, म्हणजे गर्भाला बाधणाऱ्या संसर्गांची, रक्ततपासणी करवली. त्यात रुबेलाचे आयजीएम पॉझिटिव्ह आले. हे द्रव्य रक्तात दिसले म्हणजे संसर्ग नुकताच झाला, असा अर्थ लावतात. परंतु लशीनंतरही ते रक्तात तयार होते आणि काही आठवडे, कधी काही महिने, टिकते. लस घेतल्याचे कोणी विचारले नाही आणि तिच्याजवळ कागद नव्हता. गर्भात आजार शिरला असे ठरवून तो पाडला गेला. मला हे कळले ते ती शिमग्याला माहेरी आली तेव्हा. नोकरीत असताना मी प्रत्येक बाईला लशीची तारीख कागदावर लिहून द्यायची आणि तो कागद पाळीच्या तारखेसोबत ठेवायला लावायची, त्यावरून उपकेंद्रात माझी थट्टा होत असे. मी ते कधी मनावर घेतले नाही आणि आजही घेत नाही. तो एक कागद त्या मुलीजवळ असता, तर कोणीतरी दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या असत्या.

म्हणून तुझ्या फाइलच्या पहिल्या पानावर आजच ठळक अक्षरांत लिही: एमएमआर 3 जून, कांजिण्या पहिला डोस 3 जून, शेवटची पाळी 28 जून. जो डॉक्टर नवा भेटेल, त्याला हे पान आधी दाखव. कोणी टॉर्चची तपासणी लिहून दिली, तर रुबेलाची लस नुकतीच घेतल्याचे आधी सांग आणि ती तपासणी कशासाठी हवी आहे ते विचार. तरीही आयजीएम पॉझिटिव्ह आले, तर त्यावरून कोणताही निर्णय घेण्याआधी मला फोन कर आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना लशीची तारीख पुन्हा दाखव.

सासूबाई म्हणतात की लशीने वांझपण येते, आणि तुझ्या नणंदेने 2018 मध्ये शाळेतल्या गोवर-रुबेला मोहिमेत म्हणूनच मुलांना पाठवले नव्हते. त्या वेळी अशा अफवा होत्या खऱ्या, मीही दारोदार फिरून त्यांना उत्तरे दिली आहेत. तुला दिवस गेले आहेत, यापेक्षा निराळे उत्तर सासूबाईंना काय द्यावे ते मला सुचत नाही. नणंदेला मात्र सांग की तारुण्यात आलेल्या मुलाला गालगुंड झाले, तर अंडकोष सुजतात आणि क्वचित त्याने वीर्यावर परिणाम होतो. तो परिणाम आजाराचा असतो. एमएमआर त्या आजारापासून वाचवते, आणि सरकारी गोवर-रुबेला लशीत गालगुंडाचा भाग नसतो, हे तिने मुलांच्या डॉक्टरांशी बोलताना लक्षात ठेवावे. तू गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या आणि कोविडच्या लशीबद्दलही विचारले आहेस. त्यांत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे त्यांच्यानंतर गर्भासाठी थांबावे लागत नाही. कोविडच्या लशीने पाळी एखादा दिवस पुढे गेलेली दिसली, ती नंतर पूर्ववत झाली.

तुला स्वतः नवव्या महिन्यात गोवराची सुई मीच टोचली होती, तू किती रडली होतीस ते तुझी आई अजून सांगते. त्या लशीत रुबेला नव्हता, आणि 2018 ची मोहीम पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी होती, तेव्हा तू कॉलेजात होतीस. तुझ्या वयाच्या मुली अशा मधल्या मध्ये राहून गेल्या आहेत.

कांजिण्यांचा दुसरा डोस पहिल्यानंतर चार ते आठ आठवड्यांनी द्यायचा असतो, म्हणून दवाखान्यातून तुला फोन येईल. तो आता घ्यायचा नाही. जिवंत विषाणूची लस गरोदरपणी देत नाहीत. उशीर झाला म्हणून पहिला डोस वाया जात नाही, दुसरा बाळंतपणानंतर घेता येतो आणि अंगावर पाजत असलीस तरी चालतो. धनुर्वाताची लस मात्र गरोदरपणीही देतात, ती चुकवू नकोस. तुझ्या भाच्याला एमएमआर द्यायची आहे, ती खुशाल द्या, त्याच्यापासून तुला काही होणार नाही. गणपतीत घर पाहुण्यांनी भरेल. त्यात एखाद्या मुलाला कांजिण्या निघाल्या आणि तू त्याच्या सहवासात आलीस, तर घरगुती उपाय करत बसू नकोस. एका डोसावर पूर्ण संरक्षण धरता येत नाही, आणि अशा वेळी देण्याचे प्रतिपिंडांचे इंजेक्शन लवकर द्यावे लागते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना कळव आणि 3 जूनची तारीख सांग.

पाळीच्या हिशोबाने तुझी तारीख 4 एप्रिल येते. फाइलच्या पानावर तीही लिही, आणि त्या पानाचा फोटो मला पाठव.

तुझी,
नर्सबाई