पोरी, उचलीचा हिशोब आता तू बघ

पोरी,
बी.कॉम. झालीस, कागद हातात पडला, तुझ्या बापानं फोटो पाठवला तो मी गल्लीत सगळ्यांना दाखवून आले. मला वाचता येत नाही तरी तुझं नाव कुठं लिहिलंय ते मी बोट ठेवून विचारून घेतलं. हे पत्र मी बोलतेय आणि तुझी धाकटी बहीण मोबाईलवर टाईप करतेय, ती मधेच हसली तर मी तिला दटावतेय.

माझी शाळा का झाली नाही ते तुला थोडं माहितीये, पण नीट सांगते. दसरा झाला की आमची टोळी ऊस तोडायला बीडहून निघायची, खाली सांगली-कोल्हापूरकडं, आणि परत यायची ते पाडव्याच्या पुढंमागं. शाळा जूनला सुरू व्हायची, मी जेमतेम अक्षरं गिरवायला लागले की गाडीत बसायचं. तिकडं कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळायचं, पाणी आणायचं, थोडी मोठी झाले की मोळ्या बांधायच्या. परत आलं की पटावरनं नाव कमी केलेलं. म्हणूनच तू पहिलीत गेलीस तेव्हा मी म्हटलं, पोरगी माझ्याजवळ गावात राहील, तुम्ही दोघं जा. तुझी आई निघताना लई रडायची. पण तुझी शाळा एक दिवस बुडली नाही.

आता कामाचं बोलते. गेल्या उन्हाळ्यात तू काकाचा हिशोब मांडलास ना, तो माझ्या डोक्यातनं गेला नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडनं आगाऊ घेतलेली उचल एक लाख. टोळीत दहा कोयते, दिवसाला एक ट्रक भरायचा, 20 टनाचा, म्हणजे कोयत्याला 2 टन. टनाला 366 रुपये धरले तर दिवसाचे 732. हंगाम पाच महिन्यांचा, पण आजारपण, पाऊस, कारखाना बंद असं धरून कामाचे दिवस 130, मग झाले 95,160. म्हणजे मरमर करून पण 4,840 फिटायचे राहिलेच. वर 20 दिवस कामावर गेले नाहीत त्याचा खाडा कापला, दिवसाला 500 प्रमाणं 10,000, म्हणजे बाकी 14,840. ही बाकी पुढच्या उचलीत जाते, म्हणून पुढच्या दसऱ्याला परत त्याच मुकादमाकडं जावं लागतं, सुटायचं कसं?

तू तेव्हा विचारलंस, ट्रक 20 टनाचा होता हे कशावरून? काका गप्प बसले, कारण वजनाची पावती कधी बघितलीच नव्हती. मुकादमानं वहीत 20 च्या जागी 18 लिहिले तर कोयत्याला 1.8 टन येतात, आणि सगळ्या हंगामात 9,516 रुपये गायब होतात, कुणाला पत्ता पण लागत नाही. आमच्या वेळी मुकादम सांगेल तो आकडा, त्याच्याखाली आम्ही अंगठा द्यायचा, आणि आपण किती तोडलं हे फक्त आपल्या पाठीला माहीत असायचं.

म्हणून बाळा, तू नोकरीसाठी पुण्याला जा, खुशाल जा. पण दसऱ्याच्या आधी दोन दिवस गावाला ये. उचल घेताना काकाजवळ बस, कागद पूर्ण वाच, रक्कम आकड्यात आणि अक्षरात दोन्ही लिहिलीये का बघ, खाड्याचे पैसे किती आणि आजारी पडलं तर पण कापणार का ते आधीच विचार, कोऱ्या स्टॅम्पवर कुणालाच सही करू देऊ नको. मुकादम चिडला तर चिडू दे, त्याचं कमिशन कारखाना वेगळं देतो, ते आपल्या मजुरीतनं जायला नको हे पण तिथंच बोलून घे.

आणि काकीला एक वही घेऊन दे. ती चौथीपर्यंत शिकलीये, तिला आकडे येतात. रोज संध्याकाळी तारीख, ट्रकचा नंबर आणि कारखान्याच्या काट्याची पावती बघून टन, एवढंच लिहायचं. पावती शेतकऱ्याच्या नावावर असते, ती आपल्या हातात राहत नाही, म्हणून ड्रायव्हरकडून लगेच मोबाईलवर फोटो घ्यायचा, उशीर झाला की पावती हाताला लागत नाही. टोळीतल्या सगळ्यांनी फोटो घेतला तर मुकादमाला एकट्याकडं बोट दाखवता येत नाही, एकट्या काकांनी घेतला तर मात्र पुढच्या वर्षी त्यांना उचल मिळायची नाही, ही भीती खरी आहे, ती हलकी धरू नको. आधी दहाही घरांना एकत्र बसव, बायकांना आधी, कारण हिशोब बुडाला की घर त्यांनाच चालवावं लागतं.

उसाच्या शेंड्याचे वाढे चाऱ्याला विकून येतात ते पैसे पण वहीत लिहायला सांग, ते कुठं जातात ते आजवर कळलेलं नाही.

दसऱ्याच्या आधी कधी येतेस ते फोनवर कळव, मी काकाला तोवर अंगठा द्यायचा नाही म्हणून सांगून ठेवते.

तुझी आज्जी