‘मामाने लावलं’ म्हणजे नक्की कोणी काय केलं?

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या निबंधाचा कच्चा मसुदा आणि मुलाखतींची वही, दोन्ही वाचून झालं. वही फार चांगली आहे. काळाचौकीच्या एका चाळीत अठरा घरांचे उंबरे झिजवून, प्रत्येकाची बोली जशीच्या तशी उतरवून घेणं सोपं नसतं. निबंध मात्र वहीच्या मानाने घाईत लिहिलेला वाटला. शेवटी तू म्हणतेस, ‘अठरापैकी तेरा जणांना काम नातेवाइकांमुळे मिळालं, त्यामुळे ग्रॅनोव्हेटरचा सिद्धांत मुंबईला लागू होत नाही.’ हे पत्र त्या एका वाक्यासाठी.

आधी मूळ म्हणणं नीट बघू: कामाची बातमी घट्ट नात्यांपेक्षा सैल ओळखीतून जास्त येते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात, नुकतीच नोकरी बदललेल्या माणसांना विचारलं होतं की ज्याच्याकडून नोकरीचं कळलं, तो त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटायचा. १९७३ च्या लेखात त्याने दिलेले आकडे ओळखीतून काम मिळालेल्या ५४ जणांचे आहेत. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणाऱ्याकडून कळलं असे १६.७ टक्के, अधूनमधून भेटणाऱ्याकडून ५५.६ टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्याकडून २७.८ टक्के. कारण साधं आहे. तुझी जिवलग मैत्रीण आणि तुझी सख्खी बहीण एकमेकींना ओळखत नाहीत असं सहसा होत नाही. घट्ट माणसांची माणसंही एकमेकांत गुंतलेली असतात, आणि जे एकाला माहीत असतं ते सगळ्यांनाच माहीत असतं. बाहेरची बातमी आत येते ती सैल ओळखीच्या पुलावरून. न्यूटनची ही सगळी मंडळी पांढरपेशी होती, व्यावसायिक, तांत्रिक किंवा व्यवस्थापनातली. ते तुझ्या निबंधात यायला हवं, आणि आलेलं नाही.

आता बघ, त्याने हे आकडे ‘नातेवाईक की परका’ यावरून काढलेले नाहीत. त्याच्या लेखी नात्याचा घट्टपणा चार गोष्टींनी ठरतो: एकत्र घालवलेला वेळ, भावनेची ओढ, मनातलं बोलण्याइतका विश्वास, आणि एकमेकांसाठी केलेली कामं. तू मात्र ‘मामा’ शब्द आला की ‘घट्ट’ या रकान्यात खूण केलीस. मराठीत हे फार धोक्याचं आहे. आपल्याकडे सख्खा मामा मामाच, आईच्या गावचा कोणीही मामा, आणि तिसऱ्या मजल्यावरचे पानवालेही मामाच. शब्द एक, पण वर्षभरात किती वेळा भेट झाली हे विचारलं की तिघं तीन दिशांना जातात.

तुझी सात नंबरची मुलाखत घे. चोवीस वर्षांचा मुलगा, भिवंडीच्या गोदामात माल स्कॅन करायचं काम. त्याचं उत्तर दोन शब्दांचं: ‘मामाने लावलं.’ निबंधात तू एवढंच घेतलंस. पण वहीच्या समासात पेन्सिलीने तूच पुढचं लिहून ठेवलंयस, आणि खरा निबंध त्या समासात आहे.

हा मामा म्हणजे मुलाच्या आईचा चुलतभाऊ. राहतो कल्याणला, टेम्पो चालवतो, त्या गोदामात माल पोचवतो. मुलाची आणि त्याची भेट वर्षातून फार तर दोनदा, गणपतीत गावी आणि एखाद्या लग्नात. सुपरवायझरने गाडी खाली होताना त्याला सहज विचारलं, ‘दोन पोरं आहेत का कोणी?’ पुढच्या रविवारी दिव्याला एका बारशाला मामाची आणि मुलाच्या मावशीची गाठ पडली, तिथे त्याने ते सांगितलं. मावशीने रात्री फोनवर बहिणीला सांगितलं. या बहिणी रोज बोलतात. आईने मुलाला सांगितलं.

ही साखळी कागदावर काढ. पाच ठिपके: सुपरवायझर, मामा, मावशी, आई, मुलगा. मग प्रत्येक दोघांमधली रेघ वेगळी तपास. आई-मुलगा आणि आई-मावशी या रेघा घट्ट आहेत. मामा-मावशी ही रेघ सैल आहे, बारसं नसतं तर बहुधा भेट झालीच नसती. सुपरवायझर-मामा हीसुद्धा कामापुरती ओळख. म्हणजे बातमी दोन सैल दुव्यांवरून आली आणि घरात शिरल्यावर घट्ट दुव्यांवरून धावली. मुलाला विचारलं तर तो शेवटचं किंवा मोठं नाव सांगणार, मधली मावशी गळणार. बायका अशा उत्तरांतून हटकून गळतात, हे माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण.

पूल कुठला, हे ओळखायची रीत अशी की एक रेघ खोडायची आणि बातमीला दुसरी वाट उरते का ते बघायचं. मामा-मावशी ही रेघ खोड. तुझ्या अठरा मुलाखतींत भिवंडीच्या गोदामात जाणारं दुसरं कोणीही नाही. वाट उरत नाही, म्हणून तो पूल. आता मुलाची आणि त्याच्या गल्लीतल्या मित्राची रेघ खोड. काही फरक पडत नाही, कारण ती मुलं रोज संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसतात. एवढ्या मोठ्या शहरात शंभर टक्के पूल क्वचितच सापडतो. कुठून तरी लांबची वाट असतेच, पण ती इतकी लांब असते की बातमी पोचेपर्यंत जागा भरलेली असते. ‘मला अठरा घरांत दुसरी वाट दिसली नाही’ एवढंच म्हण, त्यापुढे जाऊ नकोस.

इथवर तर ग्रॅनोव्हेटर मुंबईत चपखल बसतो. तो अडखळतो पुढच्या पायरीवर. तू ‘काम मिळालं’ हे एकच क्रियापद वापरलंस, पण चाळीतली माणसं दोन वापरतात: कामाचं ‘कळलं’, आणि कामाला ‘लावलं’. कळणं म्हणजे बातमी. लावणं म्हणजे शब्द टाकणं. सुपरवायझरने मामाला विचारलं होतं, ‘पोरगा कोणाचा?’ मामा म्हणाला, ‘बहिणीचा. टिकेल.’ वर्षातून दोनदा दिसणाऱ्या मुलाबद्दल त्याने हे छातीठोकपणे सांगितलं ते कशाच्या जोरावर? मुलाला तो ओळखत नव्हता, मुलाच्या घराला ओळखत होता. मुलाने आठवड्यात काम सोडलं असतं तर ते गावापर्यंत गेलं असतं आणि गणपतीत आईला खाली मान घालावी लागली असती. हे मामाला माहीत होतं, मुलालाही माहीत होतं.

म्हणजे वेळ जवळजवळ शून्य, मनातलं बोलणं नाही, पण एकमेकांसाठी करण्याची बांधिलकी भक्कम. त्या चार गोष्टी साधारण एकत्र वाढतात-घटतात असं ग्रॅनोव्हेटर धरून चालतो. भावकीत आणि गाववाल्यांत त्या सुट्या होतात. माझ्या मते तुझ्या निबंधाचा मुद्दा हाच असायला हवा: भेटीने सैल आणि बांधिलकीने घट्ट असं एकच नातं बातमीही आणतं आणि शब्दही टाकतं. ‘सिद्धांत लागू नाही’ यापेक्षा हे म्हणणं कितीतरी भारी आहे, आणि तुझ्या वहीत त्याला पुरावा आहे. जोडीला समाजशास्त्रज्ञ यानजिए बियान वाच. त्याने चीनमधल्या तिआनजिन शहरात १९८८ मध्ये पाहणी केली. तिथे नोकऱ्या सरकार वाटत असे, त्यामुळे अडत होतं ते वजन खर्च करणाऱ्या माणसापाशी, आणि तसा माणूस घट्ट नात्यातूनच मिळे.

गिरण्यांच्या काळातही असंच होतं. माझे वडील कणकवलीकडून आले, गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपले. गिरणी कुठे आहे हे काय कोणी सांगायला हवं होतं? भोंगा सगळ्यांनाच ऐकू यायचा. बदली कामगार म्हणून फाटकावर उभं राहिलं तरी आत घेणाऱ्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, कोणीतरी सांगावं लागे, आणि ते चुलत्याने सांगितलं. पण त्या जाळ्याची दुसरी बाजू १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर दिसली. चुलता, शेजारी, खोलीतले सगळे त्याच धंद्यातले. सगळेच एकदम घरी बसले, आणि शब्द टाकायला माणसं होती तरी टाकायचा कुठे? घट्ट जाळं कुठे तोकडं पडतं हे दाखवायला तुला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही. तुझ्या चाळीतल्या म्हाताऱ्यांना विचार, की संपानंतर पहिलं काम कोणाकडून कळलं. माझ्या वडिलांना एका दूधवाल्याकडून कळलं होतं.

दादरच्या शाळांवरचा कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांचा २००६ चा अभ्यासही बघ. कष्टाच्या कामांत जातीच्या ओळखीचं जाळं मजबूत असलेल्या घरांतले मुलगे मराठी माध्यमातच राहत गेले, कारण पुढचं काम ठरल्यासारखं होतं. मुलींसाठी असं जाळं नव्हतंच, आणि त्याच घरांतल्या मुली इंग्रजी माध्यमाकडे जास्त वेगाने वळल्या. जाळं वर ओढतं तसं जागच्या जागी धरूनही ठेवतं.

एक दोष मात्र नुसत्या लिखाणाने सुटणार नाही. निबंधात तू फक्त काम मिळालेल्यांनाच घेतलंस. ज्यांच्यापर्यंत बातमी आली पण काम झालं नाही, ते तुझ्या तक्त्यात नाहीत, त्यामुळे नात्याने काम होतं की काम झाल्यावर नातं आठवतं, हे कळायला मार्ग नाही. परत जा आणि प्रत्येकाला तीन गोष्टी वेगवेगळ्या विचार. पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलं, आणि त्याच्या आधीच्या वर्षात त्या माणसाची भेट किंवा फोन किती वेळा झाला? आत जाऊन तुझ्यासाठी कोण बोललं? आणि गेल्या वर्षी अशी कुठली कामं कळली, जी मिळाली नाहीत? तिसऱ्या प्रश्नाला माणसं आधी ‘कुठलीच नाही’ म्हणतात. घाई करू नकोस, चहा संपेपर्यंत एखादं आठवतं.

सुरुवात अकरा नंबरपासून कर. दुसऱ्या मजल्यावरची ती ताई, बारावी झालेली, घरी बसून इमिटेशनचे दागिने ओवते. तिला तू निबंधात घेतलंच नाहीस, कारण तिला नोकरी नाही. पण तुझ्याच वहीत आहे: भिवंडीची बातमी तिलाही त्याच आठवड्यात मिळाली होती, गॅलरीत पाणी भरताना, त्या मुलाच्या आईकडून. जागा दोन होत्या. ती गेली नाही. का, असं तू विचारलंस आणि तिचं उत्तर लिहून घेतलंस: ‘तिथं आपलं कोण आहे?’

बुधवारी दुपारी तीननंतर मी घरी आहे. वही घेऊन ये, साखळ्या एकत्र काढू.

तुझे सर