सॉल्व्हरमध्ये नेहमीचे शब्द आधी कसे आणावेत?

प्रश्न: शब्द ओळखायच्या खेळासाठी लिहिलेला माझा सॉल्व्हर 'कवळ' आधी सुचवतो, 'कपाळ' नंतर. नेहमीचे शब्द वर कसे आणू?

उत्तर: उरलेले शब्द वारंवारतेच्या उतरत्या क्रमाने लावा, पण मोजणी विभक्तीच्या रूपांसकट करा. मजकुरात नुसतं 'कपाळ' कमी येतं, 'कपाळावर', 'कपाळाला' जास्त. फक्त मूळ रूप मोजलं की ओळखीचा शब्द खाली घसरतो. मात्र सुरुवातीची अक्षरं जुळतात म्हणून सगळंच धरू नका, नाहीतर 'कर'च्या खात्यात 'करवत'ही जमा होईल. प्रत्ययांची ठरावीक यादी ठेवून तेवढीच रूपं मिळवा.

```python
cands.sort(key=lambda w: -freq.get(w, 0))
```

शून्य आलेला शब्द काढू नका, शेवटी राहू द्या. आणि मोजणी वर्तमानपत्रांवरून असेल, तर परभणी-लातूरकडे रोजच्या बोलण्यातलं 'माळवं', म्हणजे भाजीपाला, तळाला जाईल. खेळणारे इकडचे असतील तर अशा शब्दांचा आकडा हातानेच वाढवा.