'अ नंबर ऑफ'च्या पुढे एकवचन की अनेकवचन?

"सोसायटीच्या इंग्रजी सूचनेत मी 'देअर हॅव बीन अ नंबर ऑफ कम्प्लेंट्स' असं लिहिलं होतं. सेक्रेटरींनी 'हॅव' खोडून 'हॅज' केलं. 'अ नंबर' म्हणजे एकच, असं त्यांचं म्हणणं. बरोबर काय? आणि 'द मेजॉरिटी ऑफ'नंतर काय लिहायचं?"

तुमचं 'हॅव' बरोबर होतं, ते परत घाला. 'अ' दिसला की एकवचन हा हिशोब इथे लागू पडत नाही, आणि का पडत नाही ते मराठीतूनच चांगलं कळतं.

ही दोन वाक्यं बघा. 'दारात चपलांचा ढीग पडला आहे.' 'दारात ढीगभर चपला पडल्या आहेत.' दारातलं दृश्य एकच आहे. पण पहिल्या वाक्यात आपण ढिगाबद्दल बोलतो, म्हणून 'पडला'. दुसऱ्यात ढीग हा चपला किती आहेत एवढंच सांगायला आला आहे. बोलणं चपलांबद्दल आहे, म्हणून 'पडल्या'. 'ढीग' एकवचनी आहे म्हणून 'ढीगभर चपला पडला आहे' असं कुणी म्हणणार नाही.

'अ नंबर ऑफ' हे इंग्रजीतलं 'ढीगभर' आहे. त्याचा अर्थ 'बऱ्याच', 'कित्येक'. वाक्याचा खरा धनी 'कम्प्लेंट्स', आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे चालतं. मध्ये 'लार्ज' किंवा 'स्मॉल' घातलं तरी फरक पडत नाही. शंका आली तर त्या जागी 'सेव्हरल' ठेवून वाचा: 'देअर हॅव बीन सेव्हरल कम्प्लेंट्स'. वाक्य नीट वाचलं गेलं की अनेकवचन पक्कं.

'द नंबर ऑफ' मात्र 'चपलांचा ढीग' आहे. तिथे 'सेव्हरल' बसत नाही, कारण बोलणं खरोखरच आकड्याबद्दल असतं. 'द नंबर ऑफ कम्प्लेंट्स हॅज गॉन अप', म्हणजे तक्रारींची संख्या वाढली आहे. वाढला तो आकडा, आणि आकडा एकच. तसंच 'देअर इज अ नंबर ऑन द डोअर' म्हटलं तर दारावर खरोखर एक क्रमांक लिहिलेला आहे. तिथे 'ऑफ' नाही, मागे तक्रारी नाहीत, म्हणून 'इज'.

सेक्रेटरींची गल्लत व्हायला 'देअर'ही कारणीभूत आहे. तो कर्त्याची जागा धरून बसतो, पण त्याला स्वतःचं वचन नाही. खरा कर्ता मागून येतो, त्यामुळे 'इज' की 'आर' ठरवायला वाक्यात पुढे डोकावावं लागतं. बोलताना तेवढी सवड नसते. म्हणूनच 'देअर्ज टू पीपल वेटिंग' असं मातृभाषा इंग्रजी असलेली माणसंही सर्रास बोलतात. बोलण्यात ते खपतं, सूचनेत लिहू नये.

'मेजॉरिटी'साठी मराठीत दोन शब्द आहेत, 'बहुसंख्य' आणि 'मताधिक्य', आणि तिढा तिथेच सुटतो. 'बहुसंख्य' म्हणायचं असेल तर 'ऑफ'नंतरचं नाम बघायचं: 'द मेजॉरिटी ऑफ द कम्प्लेंट्स आर फ्रॉम बी विंग'. 'मताधिक्य' म्हणायचं असेल तर एकवचन: 'हर मेजॉरिटी वॉज ओन्ली ट्वेल्व्ह', ती बाराच मतांनी पुढे होती. पाणी, काम, वेळ अशा न मोजता येणाऱ्या नामांपुढे 'द मेजॉरिटी ऑफ द वॉटर इज' व्याकरणात बसतं, पण कानाला खटकतं. तिथे मी तरी 'मोस्ट ऑफ द वॉटर इज' असंच लिहीन.

सूचनेत पुढे दुरुस्त्यांची यादी येणार असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळा. मराठीत आपण म्हणतो, 'गच्चीवर एक गळका पाइप आणि दोन तुटके नळ आहेत.' क्रियापद शेवटी आहे, त्याच्या शेजारी नळ आहेत. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, त्यामुळे त्याचा शेजारी होतो पाइप. म्हणून 'देअर इज वन लीकिंग पाइप अँड टू ब्रोकन टॅप्स' असंच बहुतेक जण लिहितात. वस्तू एकूण तीन, तेव्हा 'आर'च हवं, असं म्हणणारे काटेकोर लोकही आहेत आणि त्यांना चूक म्हणता येत नाही. तुमचे सेक्रेटरी त्यांतले वाटतात. क्रम फिरवा आणि 'देअर आर टू ब्रोकन टॅप्स अँड वन लीकिंग पाइप' असं लिहा, म्हणजे त्यांना खोडायला काही उरणार नाही.