रविवारपर्यंत ठाण्याला टाटा?

सप्रेम नमस्कार,

गणपतीपुळ्याच्या फोटोंखाली टाकायच्या म्हणून तू पाठवलेल्या ओळी वाचल्या. अजून टाकल्या नाहीस, हे बरं झालं. पहिलीच ओळ घे: ‘फायनली! आई, बाबा, ताई आणि मी, आख्खी गँग गणपतीपुळ्यात. रविवारपर्यंत ठाण्याला टाटा!’ ओळ मस्त आहे, पण दोन वाक्यांत चार गोष्टी कळतात. घरातले सगळे बाहेर आहेत, कुठे आहेत, कधीपर्यंत आहेत आणि रिकामं घर कुठल्या शहरात आहे. यातली एकेकटी गोष्ट निरुपद्रवी आहे. पण उरलेला भाग तुझ्याच जुन्या पोस्टमध्ये पडलेला असतो, आणि तिथे फारसं कोणी बघत नाही.

स्वतःचं प्रोफाइल परक्याच्या नजरेने खालपर्यंत चाळून बघ. पाडव्याच्या रांगोळीच्या फोटोत वर दाराची पाटी आणि फ्लॅट नंबर आला आहे का? गॅलरीतून टिपलेल्या पावसात येऊरचे डोंगर आणि समोरच्या टॉवरचं नाव दिसतंय का? नव्या गाडीच्या पूजेत हार घातलेल्या बॉनेटखाली ‘MH 04’ ची पूर्ण नंबरप्लेट आहे का? घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांत दिवसभर डिलिव्हरीवाल्यांची ये-जा असते आणि एका विंगमधले लोक दुसऱ्या विंगमधल्यांना ओळखत नाहीत. त्यामुळे ‘गेटवर वॉचमन आहे’ एवढ्यावर विसंबू नकोस. असे फोटो आधी काढून टाक किंवा आर्काइव्ह कर, मग कॅप्शनकडे वळ.

आता मुख्य मुद्दा. ‘आम्ही आत्ता कुठे आहोत’ आणि ‘घरी कोणी नाही’ ही दोन वेगळी गुपितं आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. समुद्रावरचा फोटो तिथून निघाल्यावर टाकला, तर तू आत्ता कुठे आहेस ते झाकलं जातं. पण रत्नागिरीहून टाकलेला कालचा फोटोसुद्धा ठाण्याचं घर बंद असल्याचं सांगतोच. एकटं फिरणाऱ्याला पहिलं गुपित जास्त जपावं लागतं: जागा सोडल्यावरच फोटो टाकायचा आणि मुक्कामाच्या हॉटेलचं नाव कुठेच द्यायचं नाही. आख्खं कुटुंब बाहेर असेल, तर दुसरं गुपित महत्त्वाचं. त्यावर खात्रीचा उपाय एकच, घरी पोहोचून दिवे लागल्यावर पोस्ट करायची. तुझ्याबाबतीत हाच लागू आहे.

थांबायचं म्हणजे आठवण शिळी होते, ही तुझी तक्रार रास्त आहे. म्हणून ओळ तिथेच लिही, टाक मात्र नंतर. प्रत्येक चांगल्या फोटोमागे दोन वाक्यं फोनच्या नोट्समध्ये उतरवून ठेव: वास, चव, कोण काय बोललं, कशावरून हसू फुटलं. ॲपमधल्या ड्राफ्टवर भरवसा ठेवू नकोस, ॲप काढून पुन्हा टाकलं की ड्राफ्ट जातात.

लिहिताना आधी क्रियापद तपास. ‘बसलोय’, ‘खातोय’, ‘निघालोय’, ‘पोचलो एकदाचे’ ही रूपं ताजी आहेत, ती आत्ताची बातमी देतात. ‘बसलो होतो’ बरं. पण सर्वांत उपयोगी साधा वर्तमानकाळ: दिसतो, लागतं, मिटतात. त्याला तारीख नसते आणि तो वाचायलाही गोड लागतो. मग ‘आज’, ‘आत्ता’, ‘काल संध्याकाळी’, ‘उद्या परत’ आणि वारांची नावं खोड. ‘शेवटचा दिवस’ हे शब्दही खोड, त्यातून परतीचा दिवस कळतो.

तुझी पहिली ओळ अशी होऊ शकते: ‘आरे-वारेच्या चढावरून समुद्र पहिल्यांदा दिसतो, तेव्हा गाडीतली एसीवरची भांडणं आपोआप मिटतात.’ किती जण होते, कधी होते, घरी कोण राहिलं, काहीच कळत नाही. तरी जो सोबत होता त्याला कुठलं भांडण ते बरोबर आठवेल. तुझ्या दुसऱ्या ओळीत, ‘बाबांसोबत देवळाच्या डोंगराची प्रदक्षिणा, आत्ताच पूर्ण’, यातला ‘आत्ताच’ गेला की झालं. तिथे जागा भर: ‘बाबा पुढे, मी मागे, आणि अर्ध्या प्रदक्षिणेत सोलकढीचा विषय.’ पहिल्या मसुद्यापेक्षा ही जास्त तुझी वाटते. माणसं मोजण्यापेक्षा एखाद्याची लकब सांगितलेली केव्हाही चांगली.

तिसरी ओळ सगळ्यांत साळसूद आहे, म्हणून तिच्याकडे नीट बघ: ‘दरवर्षी दिवाळीनंतरचा आठवडा आमचा कोकणातच!’ ही परत आल्यावर टाकली तरी चालणार नाही. तिने पुढच्या वर्षीची तारीख सांगून ठेवली. ‘दरवर्षी’ आणि ‘आठवडा’ काढ, ‘कोकणाची ओढ काही सुटत नाही’ एवढं पुरे.

लोकेशन टॅग लावायचाच असेल तर घरी आल्यावर लाव, आणि तोही गावाचा किंवा जिल्ह्याचा, हॉटेलचा नको. हॉटेलच्या किल्लीवरचा खोली नंबर आणि तिकिटावरचा दहा अंकी पीएनआर फोटोत येऊ देऊ नकोस. पीएनआरवरून कोणालाही गाडी, तारीख आणि डबा बघता येतो. आयफोनचे लाइव्ह फोटो क्लिकच्या आधी आणि नंतर दीड-दीड सेकंद आवाजासकट टिपतात. ‘उद्या सहाची गाडी आहे ना?’ हे मागून कोणी बोललं असेल, तर कॅप्शन कितीही सावध असली तरी उपयोग नाही. असा फोटो साधा करून टाक.

फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातात, ‘Document’ म्हणून पाठवला तर तसेच राहतात. चांगल्या क्वालिटीच्या हट्टापायी आपण नेमकं हेच करतो. आयफोनवरून शेअर करताना वरच्या ‘Options’ मध्ये जाऊन ‘Location’ बंद कर.

एवढं करूनही घरच्यांकडूनच बिंग फुटतं. तू गप्प बसशील, पण आईने व्हॉट्सॲप स्टेटसला समुद्र ठेवला की काम फत्ते. तिला ‘ठेवू नको’ म्हणू नकोस, ती ठेवणारच. स्टेटसच्या प्रायव्हसीत ‘Only share with…’ निवडून मावश्या, मामा आणि आत्या यांची नावं भरून दे. दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला फोन करून सांग. सोसायटीच्या ग्रुपवर ‘आम्ही रविवारपर्यंत नाही, पार्सल ठेवून घ्या’ असं लिहायचं असेल, तर ते फक्त शेजारच्या काकूंना फोन करून सांग.

आणि कमेंट. पोस्ट घरी परतल्यावर टाकली असेल तर ‘कधी येताय?’ हा प्रश्न आपोआप विनोदी ठरतो. पण तिथूनच टाकायचा मोह आवरला नाही, तर मामाने खाली विचारलेल्या ‘घराची किल्ली कोणाकडे दिलीये?’ला उत्तर देत बसू नकोस. कमेंट काढून टाक आणि त्याला फोन कर. मामा रागावला तर तुझ्या आईला सांगेल, ती समजूत घालेल.

सुधारलेल्या ओळी पाठव. प्रदक्षिणेच्या फोटोत मागे गाडी उभी दिसते, तिची नंबरप्लेट आधी क्रॉप कर.

तुझा,
काका