मेहुणा थर्ड पार्टी नसतो

प्रश्न: एका बिझनेस ग्रुपमध्ये नेमक्या कोणत्या कंपन्या येतात आणि त्यांचे प्रमोटर कॉमन आहेत का हे कसं शोधायचं? नावावरून कळतं का?

नावावरून नाही कळत, आणि पुण्यात राहून तर हे कुणाला सांगायलाच नको. आकुर्डीचं बजाज घ्या. महाराष्ट्र स्कूटर्स, मुकुंद या नावात बजाज कुठेच नाही पण कंपन्या त्यांच्याच ग्रुपच्या, आणि बजाज हिंदुस्थान शुगर, बजाज कन्झ्युमर केअर या नावात बजाज असून पुण्याच्या ग्रुपच्या नाहीत, ती घराण्यातली वेगळी झालेली शाखा आहे.

लिस्टेड कंपनी असेल तर काम अगदी सोपं. BSE च्या साइटवर कंपनीचा शेअरहोल्डिंग पॅटर्न उघडायचा आणि Promoter & Promoter Group चा तक्ता बघायचा. लोक वरची टक्केवारी बघून बंद करतात, खाली नावं असतात ती वाचत नाहीत. बजाज ऑटोमध्ये सगळ्यात मोठं नाव बजाज होल्डिंग्जचं, साधारण एक तृतीयांश शेअर. फिनसर्व्हमध्येही तीच वर. फिनसर्व्हकडे बजाज फायनान्सचे निम्म्याहून थोडे जास्त शेअर, आणि फायनान्सच्या पोटात हाउसिंग फायनान्स. मग होल्डिंग्जचा तक्ता उघडा, तिथे जमनालाल सन्स ही प्रायव्हेट कंपनी आणि घरातली माणसं. तेच जमनालाल सन्स मुकुंदच्या तक्त्यातही सापडतं. म्हणजे वर चढत जिवंत माणसापर्यंत जायचं आणि मग त्याच माणसापासून खाली उतरायचं.

पण खरी गंमत प्रायव्हेट कंपन्यांत आहे आणि हे उत्तर लिहायला बसलो ते त्यासाठीच. मी पुण्यातल्या एका सहकारी बँकेत कर्ज विभागात होतो, बँकेचं नाव सांगत नाही. RBI ने मार्च 2020 मध्ये नागरी सहकारी बँकांना नियम घालून दिला की एका कर्जदाराला टियर-1 म्हणजे बँकेच्या स्वतःच्या मुख्य भांडवलाच्या 15 टक्के आणि एकमेकांशी जोडलेल्या कर्जदारांच्या ग्रुपला मिळून 25 टक्के, त्यावर नाही. समजा भांडवल 40 कोटी धरलं तर एकाला 6 कोटी, ग्रुपला 10 कोटी. आमच्याकडे तीन कंपन्यांच्या फाइली, प्रत्येकी साडेचार कोटी. सुट्या बघितल्या तर तिन्ही बसतात, एक धरल्या तर साडेतेरा कोटी होतात आणि तिसरीला नाही म्हणावं लागतं. समितीतल्या एका साहेबांचं म्हणणं, डायरेक्टर वेगळे, पत्ते वेगळे, तुम्ही उगाच कशाला जोडताय.

पहिली भोसरीची, प्रेस शॉप, नवरा-बायको डायरेक्टर. दुसरी चाकणला पावडर कोटिंग करणारी, डायरेक्टर दोन अनोळखी माणसं. तिसरी नुसती ट्रेडिंग, तिचा एक डायरेक्टर म्हणजे पहिलीतल्या बाईंचा सख्खा भाऊ. डायरेक्टर जुळवत बसलात तर तिघींत एकही DIN म्हणजे डायरेक्टरचा ओळख क्रमांक कॉमन नाही, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. अहो, डायरेक्टर बदलायला एक फॉर्म लागतो, मालकी बदलायला पैसे लागतात, म्हणून मालकी बघायची. MCA म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या साइटवर View Public Documents मध्ये कंपनीमागे 100 रुपये भरले की कागद उघडतात. त्यात MGT-7 म्हणजे वार्षिक रिटर्न काढायचा आणि सोबतची भागधारकांची यादी वाचायची. चाकणवालीचे 60 टक्के शेअर कोथरूडच्या एका फ्लॅटच्या पत्त्यावरच्या इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे. आणखी 100 रुपये भरून तिची यादी काढली तर भागधारक दोनच, अर्धे शेअर त्या बाईंचे, अर्धे त्यांच्या भावाचे. म्हणजे पहिली आणि दुसरी तिथेच जुळल्या.

तिसरीवर भांडण झालं. साहेब म्हणाले, मेहुणा कायद्याने नातेवाईकच नाही, तो थर्ड पार्टी, आणि कंपनी कायद्याची यादी समोर टाकली. यादी खरी आहे बरं का. त्यात नवरा-बायको, आई-वडील, मुलं, सून, जावई, भाऊ, बहीण आहेत, बायकोचा भाऊ नाही. पण बाई स्वतः भोसरीच्या डायरेक्टर आणि भाऊ त्यांचा नातेवाईक, म्हणजे त्यांच्या बाजूने तिसरी रिलेटेड पार्टी होतीच, तरी भोसरीच्या ताळेबंदात रिलेटेड पार्टीच्या नोंदीत तिचं नावही नव्हतं. आणि तुम्ही SEBI ची प्रमोटर ग्रुपची व्याख्या उघडलीत तर तिथे प्रमोटरच्या आणि त्याच्या जोडीदाराच्याही आई-वडील, भावंडं, मुलांपर्यंत जातात, शिवाय या लोकांचे 20 टक्के किंवा जास्त शेअर असलेली कंपनीही आत येते. म्हणजे नवऱ्याकडून बघितलं तर तोच मेहुणा एका कायद्यात परका आणि दुसऱ्यात घरचा. आता या कंपन्या लिस्टेड नव्हत्या, SEBI चा नियम आम्हाला लागू नव्हता हे मलाही कळतं, पण RBI ने ग्रुप ठरवताना नात्यांची यादी दिलेलीच नाही, व्यवस्थापन एक आहे का आणि खरा कंट्रोल कुणाचा हे बघा म्हटलंय.

मग कंट्रोल दाखवला. तिसरीने एका फायनान्स कंपनीकडून घेतलेल्या कर्जाचा CHG-1 म्हणजे तारणाची नोंद करायचा फॉर्म काढला, त्याला जोडलेल्या मंजुरीपत्रात वैयक्तिक जामीनदार कोण, तर भोसरीवाला नवरा. कुणी परक्याच्या कर्जाला स्वतःचं घर लावतो का? दुसरं म्हणजे खाते उतारे. 29-30 मार्चला भोसरीहून गोल आकड्याची रक्कम तिसरीकडे, तिथून चाकणला, आणि 2-3 एप्रिलला उलट्या दिशेने परत. विक्री वाढलेली दिसते, माल हललेला नसतो. मालवाहतुकीची ई-वे बिलं मागितली तर मिळाली नाहीत. आणि MCA वरच्या तिन्ही कंपन्यांच्या मास्टर डेटात ईमेल एकच, भोसरीच्या अकाउंटंटचा.

तरीही तिसरीला कर्ज मिळालंच, माझी टिप्पणी फाइलला लागून राहिली. पुढे भोसरीचा मोठा ग्राहक सुटला आणि तिन्ही खाती एकाच तिमाहीत थकली. साहेब अजून भेटले की म्हणतात, धंद्यात मंदी होती हो. मंदी एकाला येते, तिघांना एकाच तिमाहीत येत असेल तर धंदा एकच होता.

तर तुम्ही नुसते शेअर घेण्यासाठी विचारत असाल तर तुम्हाला एवढं काही लागत नाही, वरचा तक्ता पुरे. त्यात तारण ठेवलेल्या शेअरचा रकानाही असतो तो बघा, ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीसाठी या कंपनीचे शेअर गहाण आहेत का याचा सुगावा तिथून लागतो. लार्सन अँड टुब्रो, आयटीसी अशांत प्रमोटर शून्य दिसेल, त्यांना मालक घराणंच नाही, ग्रुप शोधायचा तर उपकंपन्यांची यादी वार्षिक अहवालात मिळेल.

आणि हो, पत्ता किंवा ईमेल एक दिसला की लगेच उड्या मारू नका, कित्येकदा तो सीएच्या ऑफिसचा असतो आणि त्याच्या पन्नास क्लायंटना तोच लागलेला असतो. कॉमन डायरेक्टर इंडिपेंडंट असेल तर त्याचाही काही अर्थ नाही. भागीदारी फर्म MCA वर दिसतच नाही, एलएलपी दिसते. फर्मसाठी रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे जावं लागतं, आणि नोंदणी सक्तीची नसल्यामुळे तिथेही ती सापडेलच असं नाही. ग्रुपमधला सगळ्यात नाजूक पैसा फिरवायचा असेल तर लोक हीच जागा निवडतात.