शाई आणि वॉटरकलरचं चित्र स्कॅन करताना डीपीआय किती ठेवावा आणि कागद पांढरा कसा करावा?

प्रश्न: मी ए४ आकाराच्या खरखरीत कागदावर शाईच्या रेघा आणि हलके वॉटरकलर वापरून चित्रं काढते. स्कॅन केल्यावर कागद पिवळट-राखाडी दिसतो. लेव्हल्सने तो पांढरा करायला गेलं की आकाशासारखे फिकट रंगही उडून जातात. एका चित्राची ए३ प्रिंट काढायची आहे, शिवाय वेबसाइटवरही टाकायचं आहे. किती डीपीआयला स्कॅन करू आणि कागद कसा साफ करू?

उत्तर:

तुमच्या कामासाठी ६०० डीपीआय ठेवा. हिशोब असा: प्रिंटला साधारण ३०० डीपीआय लागतो आणि ए४ वरून ए३ करताना प्रत्येक बाजू १.४१ पट होते. म्हणजे किमान ४२४ हवेत. बहुतेक स्कॅनरमध्ये ३०० नंतरचा सोयीचा टप्पा ६०० असतो, म्हणून तोच घ्यायचा. ए४ कागदाचे ६०० ला ४९६० × ७०१६ पिक्सेल मिळतात. चित्र मूळ आकारातच छापायचं असतं तर ३०० पुरले असते. १२०० चा उपयोग निव्वळ काळ्या रेघांच्या चित्राला होतो, कारण तिथे रेघेची कड एकदम धारदार लागते. वॉटरकलरमध्ये १२०० ने कागदाचे तंतू जास्त स्पष्ट दिसतात आणि फाइल चौपट होते, चित्रात मात्र भर पडत नाही. खोक्यावर ४८०० किंवा ९६०० असे आकडे छापलेले असतात, त्यातला ‘ऑप्टिकल’ आकडा तेवढा खरा धरा. त्यापुढचे पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं.

आता कागदाचा प्रश्न. तो निम्मा स्कॅनिंगच्या वेळीच सुटतो, म्हणून आधी तिथलं सांगतो.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोफेशनल किंवा अॅडव्हान्स्ड मोड उघडा आणि आपोआप होणाऱ्या सगळ्या सुधारणा बंद करा: ऑटो एक्सपोजर, शार्पनिंग, धूळ काढणं आणि मुख्य म्हणजे पार्श्वभूमी पांढरी करणारा पर्याय. हा शेवटचा पर्याय कार्यालयीन कागदपत्रांसाठी असतो. तो कागदाच्या आसपासच्या उजळ छटा थेट पांढऱ्या करून टाकतो आणि एकदा २५५, म्हणजे पूर्ण पांढरा, झालेला फिकट निळा नंतर कशानेही परत येत नाही. शार्पनिंगने कागदाचा खरखरीतपणा उठून दिसतो. धूळ काढणारा फिल्टर शाईचे बारीक ठिपके धूळ समजून पुसतो. रंगाची खोली ४८ बिट असेल तर ती घ्या, कारण तुमचं सगळं काम उजळ टोकाच्या अरुंद पट्ट्यात चालणार आहे आणि तो पट्टा ताणताना २४ बिटच्या, म्हणजे दर चॅनेलला ८ बिट असलेल्या, फाइलमध्ये रंगाचे कप्पे दिसू लागतात. फाइल टिफमध्ये ठेवा. जेपीईजी प्रतिमेचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करून माहिती कमी करतं, त्यामुळे रेघांभोवती मळकट ठिपके येतात आणि तेच पुढे साफ करत बसावं लागतं.

एक्सपोजर हाताने असं ठरवा की कोरा कागद २३५ ते २४५ च्या आसपास येईल. स्कॅनमध्ये कागद थोडा राखाडी दिसणं हे चांगलं लक्षण आहे. फिकट रंगांना अजून जागा शिल्लक आहे, असा त्याचा अर्थ.

कागदाचा खरखरीतपणा राखाडी दिसतो, कारण बऱ्याच घरगुती स्कॅनरमध्ये प्रकाश एकाच बाजूने तिरका पडतो. कागदाच्या प्रत्येक उंचवट्याची बारीक सावली पडते. फिल्टरने ती घालवायला गेलात तर वॉटरकलरचा पोतही जातो. त्यापेक्षा चित्र दोनदा स्कॅन करा. एकदा सरळ, मग काचेवर तेच चित्र १८० अंशांत फिरवून, सेटिंग अजिबात न बदलता. दुसरा स्कॅन सॉफ्टवेअरमध्ये १८० अंशांत सुलटा करून पहिल्यावर लेयर म्हणून ठेवा आणि त्याची अपारदर्शकता ५० टक्के करा. आता सावल्या विरुद्ध दिशांच्या असल्यामुळे बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. रंग मात्र दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे जसाच्या तसा राहतो.

यात खरी अडचण जुळवणीची आहे. वरच्या लेयरची अपारदर्शकता तात्पुरती १०० टक्के करून तिला Difference मोड द्या, जुळवणी झाली की मोड Normal आणि अपारदर्शकता परत ५० टक्के करा. दोन्ही स्कॅन जुळले की चित्र जवळपास काळं दिसतं, न जुळलेल्या रेघा उजळ दिसतात. फोटोशॉपमध्ये Auto-Align Layers हे काम बरंचसं करून देतं. तरीही स्कॅनरचा दांडा पूर्ण लांबीत अगदी एकसारखा सरकत नाही, त्यामुळे एका टोकाला एक-दोन पिक्सेलचा फरक उरू शकतो आणि तिथे शाईची रेघ मऊ दिसते. अशा वेळी वरच्या लेयरला मास्क लावून रेघांवरून तो खोडा. म्हणजे रेघ एकाच स्कॅनमधली राहील आणि रंगाच्या भागात दोघांची सरासरी.

वॉटरकलरने कागद लाटेसारखा उठला असेल तर हे सगळं करण्याआधी चित्र पूर्ण वाळू द्या आणि स्वच्छ कागदात घालून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. पातळ, एलईडी पट्टीच्या स्कॅनरना फोकसची खोली फार कमी असते. कागद काचेपासून थोडाही उचलला गेला तर तो भाग धूसर आणि काळपट येतो. हा दोष ओळखायला सोपा आहे: अंधार कागदाच्या कडेला किंवा फुगवट्यावर मोठ्या, सावकाश बदलणाऱ्या डागासारखा असतो, पोतासारखा बारीक नसतो. कागदाच्या पाठीमागे काही काढलेलं असेल तर वर काळा कागद ठेवून झाकण लावा, म्हणजे पाठचं चित्र पुढे दिसणार नाही.

आता फिकट रंग का उडतात ते आकड्यांत पाहू. समजा तुमच्या स्कॅनमध्ये कोरा कागद लाल २३८, हिरवा २३४, निळा २२४ आहे आणि आकाशाचा सर्वांत फिकट भाग २२१, २२९, २३२. पांढऱ्या आयड्रॉपरने कागदावर टिचकी मारली की प्रत्येक चॅनेलमध्ये कागदाचा आकडा २५५ होतो आणि बाकीचे त्याच प्रमाणात वाढतात. आकाश २३७, २५०, २५५ होतं. अजूनही फिकट निळं, म्हणजे ठीक. पण कागद एकाच आकड्याचा नसतो, पोतामुळे तो सात-आठ अंकांनी वरखाली होतो. तो सगळा पोत जावा म्हणून तुम्ही पांढऱ्याचा बिंदू आणखी दहा अंकांनी खाली आणलात, तर कागद स्वच्छ होतो आणि आकाश २४७, २५५, २५५ वर पोचतं. ते डोळ्यांना पांढरंच दिसतं. कागदाच्या सर्वांत गडद कणांचे आकडे आणि तुमच्या सर्वांत फिकट रंगाचे आकडे एकमेकांत मिसळलेले आहेत. त्यामुळे संपूर्ण चित्रावर चालवलेली एकच लेव्हल्स दोन्ही कामं करू शकत नाही, तुम्ही स्लायडर कितीही जपून हलवलात तरी.

म्हणून काम दोन भागांत करा.

पहिल्या भागात फक्त रंगाची झाक काढायची. पांढऱ्या आयड्रॉपरचं लक्ष्य २५५ ऐवजी २५० ठेवा आणि नमुन्याचा आकार एका पिक्सेलऐवजी किमान ११ × ११ ची सरासरी घ्या. एक पिक्सेल घेतलात तर तो नेमका उंचवट्यावर आहे की खळग्यात, यावर सगळ्या चित्राचा रंग ठरेल. हे झाल्यावर कागद तटस्थ, किंचित मळका पांढरा दिसतो आणि आकाश शाबूत राहतं. काळी बाजू शाईच्या सर्वांत गडद जागेपर्यंतच ओढा, त्यापलीकडे नेलीत तर शाईतले चढउतार बुजतात.

दुसऱ्या भागात चित्राबाहेरचा कागद वेगळा काढून तो खरोखर २५५ करायचा. लॅसोने चित्राच्या बाह्यरेषेपासून दोन-तीन मिलिमीटर अंतर सोडून निवड करा. ६०० डीपीआयला २ मिलिमीटर म्हणजे साधारण ४७ पिक्सेल. निवड उलटी करा, तिला २० पिक्सेलचं फेदर द्या आणि नव्या लेयरवर पांढरा भरा. मूळ लेयर खोडू नका. पुढे एखादा रंगाचा शिंतोडा परत हवासा वाटला तर त्या पांढऱ्या लेयरला मास्क लावून तेवढी जागा उघडता येते. मॅजिक वाँड इथे टाळा. रंगाची विरत जाणारी कड आणि कागद यांत तिला फरक कळत नाही, त्यामुळे कड कुरतडल्यासारखी होते.

रेघांच्या आत अडकलेला कागद २५० वरच राहू द्या, तो कुणाच्या लक्षात येत नाही. बाहेरचा मात्र २५० चालणार नाही. छपाईत त्याचा फार हलका थर उमटतो आणि कोऱ्या पानावर चित्राभोवती पुसट चौकट दिसते. वेबसाइटच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवरही तेच होतं.

काही उरलंय का ते नजरेने ठरवू नका. सगळ्यात वर तात्पुरती लेव्हल्स लेयर ठेवून तिचा काळा बिंदू २३० वर आणा. २३० ते २५५ मधला पट्टा पूर्ण ताणला जातो आणि धूळ, बोटांचे ठसे, निवडीची सुटलेली टोकं काळ्या डागांसारखी समोर येतात. ते हीलिंग ब्रशने, डागापेक्षा थोडाच मोठा ब्रश घेऊन काढा. मग ही लेयर बंद करा. रंगाच्या भागात या तपासणीत दिसणारे दाणे म्हणजे रंगद्रव्य आहे, त्यांना हात लावू नका.

वेबसाइटसाठी या मूळ फाइलची प्रत काढा, रंग sRGB मध्ये बदला, मग लांब बाजू दोनेक हजार पिक्सेलवर आणा आणि शार्पनिंग करायचं असेल तर ते आकार लहान केल्यानंतरच करा. आकार कमी करताना उरलासुरला पोतही आपोआप मिसळून जातो, म्हणून वेबच्या प्रतीवर वेगळी सफाई सहसा लागत नाही.

चित्र रंगीत पार्श्वभूमीवर बसवायचं असेल तर हलक्या रंगावर लेयरला Multiply मोड पुरतो. पारदर्शक पीएनजी हवी असेल तर गिंपमधलं Color to Alpha पांढरा काढून टाकतं आणि रेघांभोवती पांढरी किनार राहत नाही. पण ते फिकट रंगांनाही अर्धपारदर्शक करतं, त्यामुळे गडद पार्श्वभूमीवर तुमचं आकाश काळवंडेल. तिथे चित्राच्या आकाराचा पांढरा भाग खालच्या लेयरवर भरूनच मग पारदर्शक फाइल बनवा.